एका घरातले तीन हिशेब

«ताई, आम्ही अशोक चौकाजवळ राहतो. आमचे हे टॉवेल कारखान्यात लूमवर आहेत, मजुरी नगावर. सासूबाई घरी विड्या वळतात. सासरे २०२१ ला एका खासगी कारखान्यातून निवृत्त झाले. फंडाचे सहा लाख त्यांनी पाच वर्षांच्या एफडीत ठेवले, ६.२ टक्क्यांनी. महिन्याला ३,१०० व्याज येतं, वर १,९०० पेन्शन. त्याच वर्षी आम्ही घरासाठी आठ लाखांचं कर्ज काढलं, ७ टक्के, वीस वर्षं. हप्ता ६,२०० होता, तो बँकेनं ७,४५० केला. यांची मजुरी तेव्हा महिन्याला १८ हजार पडायची, आता १९,५०० पडते. दीर म्हणतात, महागाईत कर्ज काढणाऱ्याची चांदी असते, आणखी पाच लाख काढा, वर मजला चढवा, भाडं येईल. एफडीची मुदत संपतेय. त्या पैशातून कर्ज फेडू की दिरांचं ऐकू?» — एक सून, सोलापूर

ताई, तुमच्या दिरांनी सांगितलं ते कुठूनतरी ऐकीव नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ते शंभर वर्षांपासून आहे, आणि एका विशिष्ट परिस्थितीत ते शंभर टक्के खरंही आहे. ती परिस्थिती तुमच्या घरात आहे का, एवढंच तपासायचं आहे. तुम्ही सगळे आकडे दिलेत, त्यामुळे अंदाजानं बोलायची गरज नाही.

आधी दिरांची बाजू नीट मांडते. समजा, तुमच्या कर्जाचा व्याजदर वीस वर्षांसाठी पक्का असता, हप्ता ६,२०० च्या पुढे एक रुपयानं सरकला नसता. देशातली किरकोळ महागाई २०२१-२२ मध्ये सरासरी ५.५ टक्के होती, पुढच्या वर्षी ६.७, मग ५.४, मग ४.६. एकावर एक चढवत गेलं, तर या चार वर्षांत १०० रुपयांचा बाजार १२४ रुपयांचा झाला. आता यांची मजुरीही त्याच गतीनं वाढली असती, तर १८ हजारांचे सुमारे २२,३०० झाले असते. पूर्वी हप्ता कमाईचा ३४ टक्के खायचा, तो आता २८ टक्के खाल्ला असता. कुणी काही माफ केलं नाही, तरी कर्ज हलकं झालं असतं. कारण घेतलेले रुपये जड होते आणि परत करायचे रुपये हलके. १९२३ साली जर्मनीत महागाई इतकी भडकली की जुनी घरकर्जं अक्षरशः कागदाच्या मोलाची झाली. शेवटी १९२५ मध्ये तिथल्या सरकारला कायदा करून सावकारांना त्यातला काही भाग परत मिळवून द्यावा लागला. कर्जदाराची चांदी म्हणतात ती ही.

पण या गोष्टीत दोन अटी दडलेल्या आहेत. व्याजदर पक्का हवा, आणि कमाई महागाईबरोबर चढायला हवी. यातली एकही तुमच्याकडे नाही.

पहिली अट बघू. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची तरत्या दराची नवी घरकर्जं बाहेरच्या एखाद्या दराला बांधलेली असतात, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे उसने देते त्याला. तुम्ही कर्ज घेतलंत तेव्हा रेपो ४ टक्के होता. एप्रिल २०२२ मध्ये महागाई ७.८ टक्क्यांपर्यंत गेली आणि मे महिन्यात रिझर्व्ह बँकेनं दर वाढवायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो ६.५० वर नेला. ही अडीच टक्क्यांची वाढ तुमच्या कर्जावर जशीच्या तशी आली, म्हणजे ७ चे साडेनऊ झाले.

त्याचा परिणाम कसा होतो ते बघा, कारण हा भाग बँकेच्या खिडकीवर कुणी समजावून सांगत नाही. पहिल्या महिन्याच्या ६,२०० रुपयांच्या हप्त्यात व्याज सुमारे ४,६७० होतं आणि मुद्दल सुमारे १,५३० फिटत होतं. दर साडेनऊ झाला तेव्हा तुमचं मुद्दल अजून ७ लाख ७२ हजारांच्या आसपास होतं. त्यावर महिन्याचं व्याज झालं सुमारे ६,११०. म्हणजे तुम्ही पूर्वीचाच ६,२०० चा हप्ता भरत राहिला असतात, तर दर महिन्याला मुद्दलातले जेमतेम नव्वद रुपये फिटले असते, आणि कर्ज संपायला चाळीस वर्षांच्या वर लागली असती. म्हणून बँकेनं हप्ता ७,४५० केला. तो आकडा मी मांडून पाहिला, उरलेल्या मुदतीत कर्ज फेडायचं तर जवळपास तेवढाच येतो. बँकेनं चूक केलेली नाही. महागाईनं तुमच्या कर्जाचं जे वजन कमी करायचं, ते दरवाढीनं परत तुमच्या डोक्यावर ठेवलं.

२०२२ च्या सुरुवातीचे काही महिने मात्र दिरांचं म्हणणं तुमच्या बाबतीतही खरं होतं. व्याज ७ टक्के आणि महागाई त्याच्या आसपास किंवा वर, म्हणजे बँकेनं तुम्हाला जवळजवळ फुकट पैसे दिले होते. पण तरत्या दराच्या कर्जात हा फायदा दर बदलेपर्यंतच टिकतो.

दुसरी अट कमाईची. यांची मजुरी १८ हजारांवरून साडेएकोणीस झाली, म्हणजे साधारण ८ टक्के वाढ. बाजार तेवढ्यात २४ टक्के चढला. कमाईतला हप्त्याचा वाटा ३४ वरून ३८ टक्क्यांवर गेला. दिरांच्या हिशेबात तो २८ वर यायला हवा होता. कर्ज तेच, घर तेच, आणि दहा टक्क्यांचा फरक.

नगावरच्या मजुरीत हे का होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दर वाढवून मिळायला कामगारांनी एकत्र येऊन मागावं लागतं, कारखानदार पुढच्या दिवाळीचा वायदा करतो, आणि तोवर तेल-डाळ दोनदा चढलेली असते. त्यात सूत महागलं की दुसरी अडचण येते. २०२२ मध्ये कापसाची खंडी एक लाख रुपयांच्या वर गेली होती. अशा वेळी कारखानदार माल कमी काढतो, पाळ्या कमी होतात. नगाचा दर तोच राहतो, पण नग कमी पडतात. त्यामुळे मजुरी वाढली का, हे नुसत्या दरावरून कळत नाही. महिन्याअखेरी हातात किती आले ते बघावं लागतं. तुम्ही पत्रात ‘पडते’ असा शब्द वापरलात, तो अगदी बरोबर आहे.

सासूबाईंची गोष्ट थोडी निराळी. विडीकामाला किमान वेतन लागू आहे आणि त्यात महागाईशी जोडलेला विशेष भत्ता असतो. तो जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो. औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर तो ठरतो, आणि सोलापूर हे त्या निर्देशांकाचं एक केंद्र आहे, म्हणजे आपल्याच बाजारातले भाव त्यासाठी टिपले जातात. कागदावर ही सोय चांगली आहे. पण भत्ता ठरतो मागच्या सहामाहीच्या सरासरीवर आणि चालतो पुढचे सहा महिने. म्हणजे तो सरासरी सहा महिने मागे असतो. वर्षाला ६ टक्के महागाई असेल, तर सगळं वेळेवर आणि पूर्ण मिळूनही मजुरी कायम ३ टक्क्यांच्या आसपास मागे राहते. शिवाय घरखात्यात आठवड्याचे किती दिवस पान-तंबाखू मिळते, यावर सगळं अवलंबून. हजारी दर वाढला आणि माल एक दिवसानं कमी झाला, तर भत्ता आला तसा गेला. सासूबाईंच्या पासबुकावर प्रत्येक आठवड्याच्या विड्यांचा आकडा लिहिला जातो का, ते बघा. नसेल तर तुम्ही वहीत लिहा, कारण भांडायची वेळ आली तर दरापेक्षा तो आकडा कामाला येतो.

आता तुमच्या गल्लीतला रेल्वेतला एखादा शेजारी घ्या. सोलापुरात ते प्रत्येक गल्लीत असतात. त्यानंही २०२१ मध्ये आठ लाखच काढले, त्याच दरानं. त्याचा मूळ पगार ३० हजार धरू. केंद्राचा महागाई भत्ता जुलै २०२१ पासून ३१ टक्के होता, म्हणजे मूळ आणि भत्ता मिळून ३९,३००. जानेवारी २०२४ ला भत्ता ५० टक्के झाला, मध्ये दोन वार्षिक वेतनवाढी झाल्या, रक्कम झाली ४७,७००. त्याचा हप्ताही ६,२०० वरून ७,४५० झाला. पूर्वी तो पगाराचा १६ टक्के होता, नंतरही १६ टक्केच राहिला. हा माणूस दिरांच्या सिद्धांताला सगळ्यात जवळचा: पगार महागाईला बांधलेला, कर्ज अंगावर. तरी त्याचीही चांदी झाली नाही. तो फक्त जागेवर राहिला. पगार ज्या पटीनं वाढला, जवळपास त्याच पटीनं हप्ताही वाढला.

मग जिंकलं कोण? कुणीतरी जिंकायला हवंच, कारण महागाईत रुपयाचं वजन कमी होतं तेव्हा एकाचं गेलेलं दुसऱ्याकडे जातं. तुमच्या घरात हरलेल्याचा माग काढला तर जिंकणारा सापडतो, आणि तो हरलेला म्हणजे तुमचे सासरे.

सहा लाख, ६.२ टक्के, महिन्याला ३,१०० रुपये व्याज. घरात सगळ्यांना वाटलं असेल की मुद्दल तसंच आहे आणि व्याजावर भागतंय. माझ्या आईनंही तिच्या पावत्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या होत्या आणि ती असंच समजायची. मुद्दलाला हात लावायचा नाही हा तिचा नियम होता, आणि तो नियम मोडत होता हे आम्हाला कुणालाच कळलं नाही. चार वर्षांत बाजार २४ टक्के चढला, म्हणजे त्या सहा लाखांत २०२१ च्या भावानं आता ४ लाख ८३ हजारांचाच माल येतो. पहिल्याच वर्षी ५.५ टक्के महागाई होती. मुद्दलाची ताकद जशीच्या तशी ठेवायची, तर वर्षाला ३३ हजार, म्हणजे महिन्याला २,७५० रुपये बाजूला टाकावे लागले असते. ३,१०० मधून ते काढले तर खरी कमाई उरते साडेतीनशे रुपये. बाकीचे पैसे व्याज म्हणून आले, पण ती मुद्दलाचीच झीजभरपाई होती. ती खाल्ली, म्हणजे मुद्दल खाल्लं. पेन्शनचे १,९०० तर महागाईशी जोडलेलेच नाहीत. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत आकडा एकदा ठरला की महागाई भत्ता मिळत नाही. त्यांची खरेदीची ताकद आता दीड हजारांच्या थोडी वर आहे.

हा पैसा कुठे गेला? ठेवींतला ठरावीक हिस्सा बँकेला सरकारी रोखे आणि तत्सम सुरक्षित ठिकाणी ठेवावाच लागतो, सध्याचा नियम १८ टक्क्यांचा आहे. रोखे म्हणजे सरकारनं घेतलेलं कर्ज. सरकार ते दहा, तीस, चाळीस वर्षांसाठी काढतं आणि बहुतेकांचा व्याजदर पहिल्या दिवशी ठरतो तो शेवटपर्यंत. आणि सरकारची कमाई? साबण महागला की त्यावरचा जीएसटीही वाढतो. म्हणजे दिरांच्या दोन्ही अटी सरकार पूर्ण करतं: देणं पक्कं, मिळकत महागाईबरोबर चढणारी. महागाईतला सगळ्यात मोठा आणि सुखी कर्जदार तोच. त्याच्या खालोखाल ज्या उद्योजकाला पक्क्या दराचं कर्ज मिळालं, मालाचा भाव लगेच वाढवता आला आणि नगाचा दर मात्र पुढच्या दिवाळीपर्यंत रोखता आला, तो. यात कुणी लबाडी केली असं मला म्हणायचं नाही. करार ज्या भाषेत लिहिले गेले, त्या भाषेचा हा परिणाम आहे. पण तो परिणाम नेहमी एकाच दिशेला झुकतो, सासऱ्यांकडून आणि लूमवरच्या माणसाकडून दूर, आणि याचा मला राग येतो.

एक गोष्ट अजून लक्षात घ्या. सगळ्यांना आधीपासून माहीत असलेली महागाई व्याजदरात धरलेली असते, त्यामुळे तिच्यानं फारशी अदलाबदल होत नाही. अदलाबदल होते ती अनपेक्षित महागाईनं. २०२१ मध्ये सासऱ्यांनी पाच वर्षांसाठी दर बांधून घेतला आणि तुम्ही तरता दर घेतलात. पुढे दर वाढणार होते. पक्कं असायला हवं होतं ते कर्ज आणि मोकळी असायला हवी होती ती ठेव, तुमच्या घरात नेमकं उलट झालं. हे तुमचं अज्ञान नव्हे. पक्क्या दराचं घरकर्ज तेव्हाही दुर्मीळ आणि महाग होतं, आणि वयस्क माणूस जास्त मुदत घेतो ती थोडं व्याज जास्त मिळतं म्हणून.

आता तुमचा प्रश्न.

एफडीच्या पैशातून कर्ज फेडू नका. तुमच्या कर्जाचा दर आता सव्वाआठच्या आसपास असावा, कारण २०२५ च्या फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला. पासबुक किंवा कर्जाच्या विवरणात खरा आकडा बघा. तरत्या दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड नाही, म्हणून फेडायचा मोह होतो. पण सासऱ्यांची साठी ओलांडलेली असणार, म्हणजे पोस्टातली किंवा बँकेतली ज्येष्ठ नागरिक बचत योजना त्यांना खुली आहे. तिचा दर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के आहे. सरकार तो दर तिमाहीला जाहीर करतं, पण पैसे ठेवल्या दिवशीचा दर पाच वर्षं कायम राहतो, म्हणून त्या दिवशीचा दर विचारून घ्या. कर्ज फेडून सव्वाआठ वाचणार आणि ठेवून ८.२ मिळणार, फरक नगण्य. त्यासाठी म्हाताऱ्या माणसाचा एकमेव आधार भिंतीत घालू नये. भिंत दवाखान्याच्या काउंटरवर चालत नाही.

एक लाख साध्या, कमी मुदतीच्या ठेवीत दवाखान्यासाठी राहू द्या, पाच लाख या योजनेत. वर्षाला ४१ हजार, दर तीन महिन्यांनी १०,२५०. ते तिमाही पैसे आले की त्यातले निदान चार हजार परत आवर्ती ठेवीत टाकायची सवय त्यांना लावा, म्हणजे या वेळी झीज थोडी तरी भरून निघेल. खाती त्यांच्याच नावावर राहू द्या, वारस म्हणून सासूबाई.

मजल्याचं कर्ज यंदा नको. भाडं महागाईबरोबर चढतं, आणि तुमच्या घरात तसं चढणारं दुसरं काहीच नाही, म्हणून दिरांच्या बोलण्यातला हा भाग मी फेकून देत नाही. पण पाच लाख सव्वाआठनं पंधरा वर्षांसाठी काढले तर हप्ता ४,८५० च्या आसपास. भाडं साडेतीन हजार मिळालं, तर दरमहा साडेतेराशे यांच्या मजुरीतून. २०२२ सारखे दर अडीच टक्के पुन्हा चढले, तर या हप्त्यात साडेसातशे आणि जुन्या हप्त्यात हजाराच्या आसपास भर पडेल. आणि त्याच काळात सूत महागून पाळ्या कमी झालेल्या असतील, तर? हे दोन तडाखे एकाच वेळी येतात, म्हणून धोका मोठा. सहा महिने पुरतील एवढे हप्ते बाजूला साठले, आणि मग मजला चढवलात, तर मी अडवणार नाही.

एक काम मात्र या आठवड्यात करा. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे ठरवायचा हक्क कर्जदाराला आहे. पक्क्या दराकडे वळायचा पर्याय द्यायचा की नाही, हे मात्र ऑक्टोबर २०२५ पासून बँकेच्या मर्जीवर आहे, तरी विचारायला हरकत नाही. बँकेत जाऊन लेखी मागा: आजचा दर, शिल्लक मुद्दल, उरलेले महिने, आणि पक्क्या दराला वळायचं तर दर किती आणि शुल्क किती. शिल्लक सात लाखांच्या आसपास निघाली पाहिजे. फार जास्त निघाली, तर मधल्या काळात मुदत गुपचूप लांबलेली आहे, त्याचं स्पष्टीकरण तिथेच मागा. रेपो उतरला तो तुमच्या दरात पूर्ण उतरला का, तेही त्याच कागदावरून कळेल. आणि दिरांना सोबत घेऊन जा. आकडे समोर आले की ते समजून घेणारे आहेत, असं तुमच्या पत्रावरून वाटतं.